गल्ल्याला माती किती लागते?

"मी दहावीला गणित शिकवते. महत्त्वमापनाच्या धड्यात पोकळ गोलाचं गणित आलं की मुलं सूत्रात आकडे घालून मोकळी होतात. एकसारखे गोल घट करणाऱ्या कुंभाराला माती किती लागेल, यावर एक छोटी गोष्ट सांगायची आहे. पण खरा कुंभार ती माती कशी काढतो? गोष्ट ऐकून कुंभारानं हसू नये एवढंच हवं आहे."

बाई, गोष्टीत घट घेऊ नका, गल्ला घ्या. मडक्याला तोंड असतं, काठ असतो, बूड बसकं असतं. त्याला गोल म्हणायचं तर बरीच सूट द्यावी लागते. मातीचा पैसे साठवायचा गल्ला मात्र चहूबाजूंनी बंद असतो. नाणं जाईल एवढी चीर सोडली तर तो पुस्तकातला पोकळ गोलच. शिवाय बंद भांड्यात एक अडचण असते, ती उघड्या भांड्यात नसते: भिंत किती जाड आहे हे नंतर बघता येत नाही. म्हणूनच गल्ले घडवताना वजनाचा हिशोब खऱ्या अर्थानं कामाला येतो. मी चाकावर बरीच वर्षं काढली आहेत. खालच्या गोष्टीतली माणसं मी रचली आहेत, आकडे मात्र आमच्या कामातले धरले आहेत.

कोल्हापुरात कुंभार गल्लीत एक आण्णा राहतात. दिवाळीच्या आधी एका पतसंस्थेचे साहेब त्यांच्याकडे आले. शाळेतल्या मुलांना बचतीसाठी वाटायला एकशेवीस गल्ले हवेत, सगळे एका मापाचे, भाजून झाल्यावर बाहेरून १८ सेंटिमीटर व्यासाचे, भिंत ९ मिलिमीटर. साहेबांनी हे माप कागदावर लिहून दिलं, कारण खोकी आधीच छापून झाली होती. खोक्याला मातीचं काही सोयरसुतक नसतं.

आण्णांची नात दहावीला. ती म्हणाली, "आण्णा, माती किती भिजवायची ते मी काढून देते."

"काढ की," आण्णा म्हणाले. "मी सव्वादोन किलोचा गोळा धरलाय. तुझं किती येतंय बघू."

नातीनं कागद घेतला. बाहेरचा व्यास १८, म्हणजे त्रिज्या ९. भिंत ९ मिलिमीटर, म्हणजे आतली त्रिज्या ८.१. मातीचं घनफळ म्हणजे बाहेरच्या गोलातून आतली पोकळी वजा:

(४/३) × π × (९³ − ८.१³) = (४/३) × π × (७२९ − ५३१.४४) ≈ ८२७ घनसेंटिमीटर

"आठशे सत्तावीस ग्रॅम," ती म्हणाली. "तुमचा सव्वादोन किलो कुठनं आला?"

इथं वर्गात थोडं थांबा. तुमच्यातली निम्मी मुलं हेच करतील. सूत्र बरोबर, वजाबाकी बरोबर. घनांचीच वजाबाकी केली, त्रिज्यांची वजाबाकी करून तिचा घन केला नाही, हेही बरोबर. (तो घोटाळा केला असता तर एका गल्ल्याला तीन घनसेंटिमीटर माती आली असती, म्हणजे चिमूटभर.) चुकलं ते शेवटच्या पावलाला. घनसेंटिमीटर म्हणजे ग्रॅम, हे फक्त पाण्याला लागू पडतं.

आण्णांना घनता हा शब्द माहीत नव्हता, पण माती पाण्यापेक्षा जड असते हे खांद्याला माहीत होतं. त्यांनी तेलाचं एक लिटरचं माप पुढं सरकवलं. "ह्यात माती दाबून भर, आणि तोल." नातीनं मळलेली माती थोडी थोडी घालून, दर वेळी अंगठ्यानं ठासून माप भरलं आणि वरून दोऱ्यानं सपाट कापलं. आत हवा राहिली तर वजन कमी दिसतं, म्हणून ठासणं महत्त्वाचं. मापाचं वजन वजा जाता माती भरली १ किलो ९०० ग्रॅम. म्हणजे एका घनसेंटिमीटरला १.९ ग्रॅम. तुमच्या गावची माती वेगळी भरेल, आणि तीच माती सैल मळली तर जरा हलकी भरेल. म्हणून हा आकडा पुस्तकातून न घेता मापात भरूनच घ्यायचा, आणि ज्या घट्टपणाची माती चाकावर चढणार आहे त्याच मातीचा घ्यायचा.

८२७ ला १.९ नं गुणलं. १५७१ ग्रॅम. "दीड किलो आणि वर थोडं," नात म्हणाली.

"पुस्तकात बसंल," आण्णा म्हणाले, "चाकावर न्हाई बसायचं."

सातशे ग्रॅमचा फरक उरलाच. एकशेवीस गल्ल्यांना तो ऐंशी किलोच्या वर जातो, म्हणजे थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. आण्णांना फरक दिसत होता, पण का ते सांगता येत नव्हतं. त्यांनी पहिल्याच दिवशी एक गल्ला करून, ओला असतानाच दोऱ्यानं मधोमध चिरून, भिंत बघितली होती. त्यावरून त्यांचा सव्वादोन किलो ठरला होता. आमच्यात हे असंच चालतं. एक नमुना चिरल्याशिवाय मोठी ऑर्डर कोणी चाकावर घेत नाही.

हा तिढा सोडवला नातीच्या काकांनी. काका शिरोलीला फाउंड्रीत पॅटर्न शॉपला आहेत, ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करतात. संध्याकाळी शिफ्ट करून आले, कागदावर नजर टाकली आणि विचारलं, "हे अठरा कच्च्याचं धरलंस का भाजल्याचं?"

"भाजल्याचं. साहेबांनी तसंच लिहिलंय."

"मग तू भाजलेल्या गल्ल्याचं घनफळ काढलंस आणि ओल्या मातीचं वजन लावलंस."

बिडाचं ओतकाम गार होताना शंभरात एकाच्या आसपास आकसतं, म्हणून पॅटर्न करणारा आकसणं हिशोबात धरूनच लाकूड कापतो. त्याची पट्टीच मुळी किंचित लांब सेंटिमीटरची असते. माती तर बिडापेक्षा कितीतरी जास्त आकसते. आधी सुकताना पाणी निघून जातं तसे कण जवळ येतात, मग भट्टीत आणखी थोडं. किती, ते मातीवर अवलंबून. चिकण जास्त तेवढं आकसणं जास्त. वाळू, राख किंवा लीद मिसळली की कमी.

हे मोजायची रीत सोपी आहे आणि वर्गातही करून बघता येईल. मातीची बोटभर जाड पट्टी थापायची. ओली असताना सुईनं बरोबर १० सेंटिमीटर अंतरावर दोन रेघा ओढायच्या. पट्टी सावलीत सुकवायची आणि भट्टीत टाकायची. आण्णांच्या मातीच्या रेघा भाजून आल्या तेव्हा त्यांच्यात ९ सेंटिमीटर अंतर उरलं होतं. लांबी दहाला नऊ.

"मग अठरात दहा टक्के मिळवू," नात म्हणाली. "एकोणीस पूर्णांक आठ."

काकांनी मान हलवली. एकोणीस पूर्णांक आठचा गल्ला दहा टक्क्यांनी आकसला की १७.८२ राहतो, अठरा नाही. जे आकसणार त्याचे दहा टक्के धरायचे, जे आकसून उरलं त्याचे नाहीत. म्हणून अठराला ०.९ नं भागायचं: २० सेंटिमीटर. भिंतही तशीच आकसते, म्हणून ओली भिंत १० मिलिमीटर. आता ओल्या गल्ल्याची बाहेरची त्रिज्या १०, आतली ९:

(४/३) × π × (१००० − ७२९) = (४/३) × π × २७१ ≈ ११३५ घनसेंटिमीटर
११३५ × १.९ ≈ २१५७ ग्रॅम

π ला २२/७ घ्या की ३.१४, दोन ग्रॅमचा फरक पडतो. मुलांनी त्यावर भांडू नये. भांडायचं तर त्या दहा टक्क्यांवर भांडावं. लांबीत दहाच टक्के गेले, पण घनफळात ०.९ तीनदा गुणला जातो आणि ०.७२९ उरतो. म्हणजे माती आणि पाणी मिळून जी जागा व्यापत होते, तिच्यातली सत्तावीस टक्के गेली. नातीच्या पहिल्या हिशोबात नेमकी तेवढीच तूट होती.

आता आण्णांचा सव्वादोन आणि नातीचा दोन किलो एकशेसत्तावन्न यांत उरले सुमारे नव्वद ग्रॅम. हे आण्णांनी ताबडतोब ओळखलं. गल्ला चाकावरून दोऱ्यानं कापताना खाली थोडी माती राहते, अर्धवट सुकल्यावर बूड तासावं लागतं, हाताला लागलेली पाण्यात जाते. चिरीचं वजन मात्र यात धरण्यासारखं नाही. चार सेंटिमीटर लांब आणि सहा मिलिमीटर रुंद चीर कापली की पाचएक ग्रॅम माती निघते. गल्ला लोळू नये म्हणून बूड थोडं दाबून सपाट करतात, त्यानं तर मातीत काहीच बदल होत नाही. आतली पोकळी थोडी कमी होते, माती तेवढीच राहते. मुलांना हा प्रश्न अवश्य विचारा, बरेचजण बूड दाबलं म्हणून घनफळातून काहीतरी वजा करायला जातात.

आता मूळ गोष्टीकडे. आण्णांचा सव्वादोन आधीपासून बरोबर होता, मग हिशोबाचा उपयोग काय? तो पुढच्या आठवड्यात दिसला, गल्ले एकामागून एक चाकावरून उतरायला लागले तेव्हा.

गल्ला मिटवणं हे जोखमीचं काम. गोळा उघडून भिंत उचलायची, पोट काढायचं, मग दोन्ही हातांनी वरचा घेर आवळत आवळत आणायचा आणि टोक मिटवायचं. एकदा मिटला की आत हवा कोंडते, आणि ती हवा भिंतीला आतून आधार देते. बाहेरून लाकडी पट्टीनं हलकं दाबून गोल नीट करून घेता येतो. (सुकायला ठेवण्याआधी सुईनं एक भोक पाडायचं. भिंत आकसते आणि आतली हवा आकसत नाही. भोक नसेल तर गल्ला बिनआवाज फुटतो.) पण मिटल्यावर बोट आत जात नाही. भिंत दहा मिलिमीटर आहे की तेरा, हे बघायला तो चिरावा लागेल, आणि एकशेवीस चिरून कसं चालेल?

इथं नातीनं सूत्र उलटं फिरवलं. वजन माहीत आहे, बाहेरचा व्यास मोजता येतो, मग आतली त्रिज्या शिल्लक राहतेच कुठं लपून?

r³ = R³ − (माती ÷ ४.१९)

यात R बाहेरची त्रिज्या, r आतली, माती घनसेंटिमीटरमध्ये, आणि ४.१९ म्हणजे (४/३)π. काकांनी जाड तारेचं एक कडं वाकवून दिलं, आतून बरोबर वीस सेंटिमीटर. ओला गल्ला त्यातून निसटता गेला तर माप बरोबर. एक गल्ला कड्यात सैल पडला. मोजला तर व्यास १९.४. गोळा मात्र तोलूनच घेतलेला, तेवढ्याच वजनाचा. नातीनं हिशोब केला: ९.७ चा घन ९१२.७, त्यातून २७१ गेले, उरले ६४१.७, त्याचं घनमूळ साधारण ८.६३. भिंत १०.७ मिलिमीटर. व्यास सहा मिलिमीटरनं कमी, आणि भिंत पाऊण मिलिमीटरनं जाड. खपण्यासारखा होता, पण भाजल्यावर साडेसतरा भरला असता, खोक्यात खुळखुळला असता. आण्णांनी तो परत चिखलात टाकला.

दुसऱ्या एकाची गोष्ट उलट. मदतीला आलेल्या पुतण्यानं न तोलता अंदाजानं गोळा घेतला होता. व्यास बरोबर वीस, दिसायला एकदम देखणा. तोलला तर २ किलो ३५० ग्रॅम. बूड तासून झालेलं होतं, म्हणजे ही सगळी माती भिंतीतलीच. १२३७ घनसेंटिमीटर, आतली त्रिज्या ८.९, भिंत ११ मिलिमीटर. बघा, भिंत एका मिलिमीटरनं वाढली आणि माती जवळजवळ नऊ टक्के वाढली. व्यासापेक्षा जाडीवर माती जास्त जाते, आणि व्यास डोळ्याला दिसतो, जाडी दिसत नाही. म्हणून आमच्याकडं प्रत्येक गोळा तराजूवर ठेवूनच चाकाकडं जातो. किती माती लागेल हे तर एकदा तोलून कळतं. प्रत्येक गोळा तोलायचा तो भिंत सारखी यावी म्हणून.

या हिशोबाला एक मर्यादा आहे, ती गोष्टीत लपवू नका. वजन आणि व्यास मिळून सांगतात ती सरासरी जाडी. भिंत बुडाशी चौदा आणि खांद्याशी सात असेल तरी वजन बरोबरच येईल. नवशिक्याचे गल्ले हमखास असेच येतात, कारण खालची माती उचलायला हात घाबरतो. असा गल्ला हातात घेतला की खालच्या बाजूला झोक जातो, आणि सुकताना बूड ओलं राहून खांदा आधी वाळतो, मग दोहोंच्या मधे गोलाकार भेग येते. भट्टीत आणखी वाईट. जाड बुडात ओल राहिली तर तिची वाफ होते आणि खपली उडते. म्हणून सूत्रावर भरवसा ठेवूनही आण्णांनी मधूनमधून एखादा ओला गल्ला चिरून बघितलाच. ओला चिरला तर नुकसान मेहनतीचं, माती परत येते.

याच कारणानं एकूण मातीचा हिशोबही मुलं चुकतात. एकशेवीस हवेत, फुटतुटीला दहाएक टक्के धरून आण्णांनी एकशेबत्तीस घडवायचे ठरवले. १३२ ला २.२५ नं गुणलं की २९७ किलो. पण प्रत्येक गोळ्यामागं तासून निघालेली नव्वद ग्रॅम बहुतेक परत मळता येते, आणि भट्टीआधी मोडलेला गल्लाही पाण्यात विरघळून परत माती होतो. भाजून तडकलेला मात्र गेलाच. त्याचं खापर होतं, चिखल होत नाही. तेव्हा तीनशे किलो मळलेली माती हा आकडा सढळ होता.

मळलेली तीनशे किलो म्हणजे पोत्यातली किती? आण्णांच्या मातीत मळल्यावर शंभरात बावीस भाग पाणी असतं. (ओला गोळा तोलून, पूर्ण वाळवून परत तोलला की हे कळतं.) म्हणजे कोरडी माती २३४ किलो. चाळताना खडे, मुळं, काचा मिळून दहावा हिस्सा जातो, म्हणून आणायची २६० किलो. पन्नासाच्या पोत्यांनी सव्वापाच. आण्णांनी सहा आणली, आणि उरलेल्यात पणत्या झाल्या.

तुमच्या मुलांसाठी आणखी एक पडताळा आहे. भाजून आलेला गल्ला किती भरायला हवा? २१५७ मधून बावीस टक्के पाणी गेलं की १६८० च्या आसपास. भाजताना मातीच्या कणांत अडकलेलं पाणी आणि जळण्यासारखं जे काही असतं ते जातं. आण्णांच्या मातीत हे सात टक्के धरलं तर उरतात १५६० ग्रॅम. नातीनं पहिल्यांदा जो दीड किलोवरचा आकडा काढला होता, त्याच्या जवळच हा येतो, पण तो योगायोगच समजा. भाजलेल्या मातीची घनता ओल्या मातीएवढीच निघेल असा काही नियम नाही. मुलांनी "म्हणजे तिचं बरोबरच होतं" म्हटलं तर त्यांना विचारा, की तिनं काढलेला १५७१ ग्रॅमचा गोळा चाकावर घेतला असता तर वीस सेंटिमीटर व्यासाला भिंत किती आली असती? उत्तर सात मिलिमीटरच्या जरा वर येतं, भाजल्यावर सहा पूर्णांक चारच्या आसपास. मिटवतानाच खांदा बसला असता.

वर्गात एखादा हुशार मुलगा म्हणेल, एवढं कशाला, गोलाचं पृष्ठफळ काढून जाडीनं गुणा. त्याला गप्प करू नका. बाहेरची त्रिज्या धरली तर १२५७ येतात, दहा टक्क्यांहून जास्त. आतली धरली तर १०१८, तेवढेच कमी. पण मधली, साडेनऊ, धरली तर ११३४ येतात. खऱ्या उत्तराला एकच घनसेंटिमीटर कमी. तो एक कुठून आला हे त्याला बीजगणितानं काढायला सांगा. π × जाडीचा घन ÷ ३ असं निघतं. भिंत पातळ असेपर्यंत आम्ही हीच रीत वापरतो, कारण घनमूळ काढत बसण्यापेक्षा ती तोंडी होते.

आणि गोष्टीत मडकंच हवं असा हट्ट असेल तर तेही जमेल. याच मापाच्या गोलाला आठ सेंटिमीटर व्यासाचं तोंड ठेवलं तर भिंतीतली चार टक्के माती वाचते, नव्वदएक ग्रॅम. काठ वळवायला जवळपास तेवढीच लागते. आम्ही दोन्ही सोडून देतो आणि गोळा तेवढाच धरतो. मुलांना मात्र आधी दोन्ही काढायला लावा, मग सोडायला सांगा.

वर्गासाठी आकडे निवडताना ओली त्रिज्या १० आणि ९ ठेवा, गुणाकार सोपे जातात. प्रश्नात मात्र १८ सेंटिमीटर भाजलेलंच द्या, आणि आकसण्याची पट्टी शेजारी ठेवा.